मदत हवी आहे : भुजंगप्रयातात ‘उद्या’मधला ‘उ’ लघु धरता येईल का?

भुजंगप्रयातात एक कविता लिहिते आहे. चार ‘य’ गण, म्हणजे लगागा चार वेळा, ओळीत १२ अक्षरं. पहिली ओळ अशी:

तुझ्या अंगणी चांदणे सांडलेले

जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, हा नियम डोळे मिटून लावला तर ‘तु’ गुरू होतो आणि ओळ पहिल्याच अक्षरावर मोडते. पण ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर आघात येत नाही, म्हणून तो लघु धरला. ‘अं’चा अनुस्वार स्पष्ट आहे, तो गुरू. ओळ चोख बसली.

अडले आहे ते दुसऱ्या ओळीत:

उद्या सांजवेळी पुन्हा भेट व्हावी

इथे ‘पु’ लघु आहे याबद्दल मला शंका नाही, ‘न्हा’चा आघात मागे जात नाही. पण ‘उद्या’ मोठ्याने म्हटलं की ‘उद्-द्या’ असं ऐकू येतं. टाळी देत म्हणून पाहिलं, चालीवरही म्हटलं. चालीत ‘उ’ ऱ्हस्व निसटतो, पण साध्या वाचनात जड होतो. चालीवर माझा विश्वास नाही, तिच्यात काहीही बसवता येतं.

‘उद्या’ऐवजी ‘कधी’ घातलं तर वृत्त जमतं, पण मला उद्याचाच दिवस हवा आहे. वृत्त अक्षरगणाचं असल्यामुळे एका गुरूऐवजी दोन लघुही चालणार नाहीत.

तर ‘उद्या’ इथे लगा म्हणून चालेल, की सरळ दोषच धरायचा? आणि ‘भेट व्हावी’मध्ये ‘व्हा’ पुढच्या शब्दात असताना ‘ट’ लघुच राहतो ना?