निळ्याचा जांभळा होतो तेव्हा

> स्क्रीनवरचा निळा ब्रोशरमध्ये जांभळट येईल का, आधी कसं कळेल?

फाइल आरजीबीतच ठेवून फोटोशॉपमध्ये View > Proof Setup > Custom उघडा आणि प्रेसने सांगितलेला प्रोफाइल निवडा. मग Ctrl+Y ने हे प्रूफ, म्हणजे छपाईत रंग कसा दिसेल त्याची झलक, चालू-बंद करून बघा. #0000FF सारखा निळा लगेच मरगळतो. SWOP या अमेरिकी छपाई-मानकाच्या प्रोफाइलवर त्याचं साधारण सायन 88, मजेंटा 77 टक्के होतं. मजेंटा सायनच्या इतकी जवळ आली की छापील निळा जांभळ्याकडे झुकतोच. मी अशा वेळी सायन 100, मजेंटा 60 करते. झगमगाट जातो (तो शाईत नसतोच), पण रंग निळा राहतो. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला नसेल तर या प्रूफवर विसंबू नका, शाईचे आकडेच बघा.