मदत हवी आहे : पिग्मी मुदतीआधी बंद करावी की तिच्यावर कर्ज घ्यावे?

मी रिक्षाचालक असून एका पतसंस्थेत एक वर्ष मुदतीचे पिग्मी खाते चालवतो. महिन्यातले 26 दिवस रोज 150 रुपये भरतो आणि आठ महिन्यांत 31,200 रुपये जमा झाले आहेत. आता रिक्षाचे पासिंग आणि विमा एकाच वेळी आल्यामुळे मला 20,000 रुपयांची गरज आहे.

शाखेत विचारले असता सांगण्यात आले, की वर्षाच्या आत खाते बंद केल्यास व्याज मिळणार नाही आणि प्रतिनिधीचे 3 टक्के कमिशन, म्हणजे 936 रुपये, कापले जातील. दुसरा मार्ग म्हणजे जमा रकमेवर 12 टक्के दराने कर्ज. चार महिन्यांचे त्याचे व्याज साधारण 800 रुपये होते आणि ठेवीवरचे 4 टक्के व्याजही शाबूत राहते. त्यामुळे कर्जच बरे वाटते, परंतु नियम लेखी मागूनही मिळाले नाहीत. पासबुकातल्या नोंदी मात्र पावत्यांशी जुळतात, हे मी तपासले आहे. भाडे रोखीत मिळत असल्याने महिन्याच्या ठरावीक तारखेला एकरकमी हप्ता भरणे मला जमत नाही, म्हणून आवर्त ठेवीचा पर्याय कृपया सुचवू नये.

ज्यांनी असे कर्ज घेतले आहे, त्यांचा रोजचा भरणा पिग्मीतच जमा होत राहिला, की तो आधी कर्जखात्यात वळवला गेला? आणि मुदत संपल्यावर मुद्दल व व्याज ठेवीतून वळते करून घेता येते का?