मदत हवी आहे: चल शून्याकडे जातात, सरासरी मात्र 1 वरच अडते

0 ते 1 मधून U ही संख्या समान संभाव्यतेने निवडली. U < 2^(-n) असेल तर X_n = 2^n, नाहीतर X_n = 0.

समजा U = 0.3 आली. मग X_1 = 2, आणि X_2 पासून पुढे सगळी शून्यं. U शून्याहून मोठी असली की कधीतरी हेच होतं, म्हणजे संभाव्यता 1 ने X_n → 0. पण E[X_n] = 2^n · 2^(-n) = 1, प्रत्येक n साठी! उरलेली संभाव्यता जितकी आक्रसते, नेमकी तितकीच तिथली किंमत फुगते. इथवर पटलं.

संगणकावर 10,000 नमुने घेतले, तेव्हा n = 10 ला सरासरी 1 च्या आसपास आली, n = 20 ला सरळ 0. नंतर उलगडलं: तिथे संभाव्यता साधारण दहा लाखांत एक, त्यामुळे तो दुर्मीळ नमुना हाती लागलाच नाही. सरासरीचा सगळा भार त्याच्यावरच होता.

आता खरी अडचण. चल शून्याकडे गेले की सरासरीही शून्याकडे जावी, यासाठी पुस्तकात अट आहे की सर्व X_n ना वरून झाकणारा, सान्त सरासरीचा एकच चल हवा. इथे सर्वांत लहान झाकण म्हणजे sup X_n, आणि त्याची सरासरी 1/2 + 1/2 + … अशी अनंत होते. ठीक. पण 2^n ऐवजी 2^n/n घेतलं, तर झाकणाची सरासरी 1/2 + 1/4 + 1/6 + … म्हणजे अनंतच राहते, तरी E[X_n] = 1/n शून्याकडे जाते!

म्हणजे ही अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. मग ऋण नसलेल्या चलांसाठी नेमकी आवश्यक आणि पुरेशी अट कोणती? एकसमान समाकलनीयता हेच उत्तर असेल, तर 2^n/n वर ती कशी तपासायची, कुणी पायरीपायरीने दाखवेल का?