टायर कुठल्या देशात बनला? E4 नको, DOT नंतरची अक्षरं बघा

> म्हापशाचा टायरवाला म्हणतो E4 आहे म्हणजे हॉलंडचा माल, खरं का?

नाय हो, गोलातला E4 फक्त टायरला मंजुरी नेदरलँड्सने दिली एवढंच सांगतो, टायर कुठल्याही देशात बनलेला असू शकतो. फॅक्टरी कळते ती टायरच्या बाजूवर कोरलेल्या DOT च्या लगेच पुढच्या दोन किंवा तीन अक्षरांवरून. उदाहरणार्थ B3 असेल तर मिशेलिनची कॅनडातली ब्रिजवॉटर फॅक्टरी, कंपनी फ्रान्सची असली तरी. नवीन पद्धतीत जुन्या कोडापुढे 1 लागतो, म्हणून तीच फॅक्टरी 1B3 अशी दिसेल. दोन धरायची की तीन हा घोळ झाला तर तारखेचे शेवटचे चार आकडे धरून DOT पुढचं सगळं मोजा, तेरा भरले तर पहिली तीन फॅक्टरीची. मग तो कोड अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या, साइटवर शोधा, कंपनी आणि गाव दोन्ही मिळतं.

तारखेसकट पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू आत बसवलेली असली तर बाहेरून अर्धाच दिसतो, पण फॅक्टरीची अक्षरं त्या अर्ध्यातही असतात, फक्त पावसातला तांबडा चिखल आधी ओल्या फडक्याने पुसा, नायतर B चा 8 वाचाल. आणि DOT च नसेल तर Made in कुठे कोरलंय ते बघा.