मदत हवी आहे: सिंहगडावरून टिपलेल्या राजगडाच्या फुटेजमधील धुरकटपणा कसा कमी करावा?

गडवाट:
नमस्कार. जानेवारीत सकाळी साडेआठच्या सुमारास सिंहगडावरून नैऋत्येकडे दिसणाऱ्या राजगडाचे चित्रीकरण केले आहे. हवाई अंतर साधारण 15 किलोमीटर आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर होता, लेन्स 70 मिलिमीटरवर होती आणि फुटेज 8 बिटचे साधे रेक. 709 आहे, लॉग नाही. चौकटीच्या तळाशी जवळच्या उतारावरची झाडे, मध्ये एक डोंगररांग, तिच्यामागे राजगड आणि वर आकाश अशी रचना आहे. बालेकिल्ला आणि माच्या एकमेकांपासून वेगळ्या ओळखू याव्यात, एवढीच अपेक्षा आहे.

दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओमध्ये डीहेझ लावले, तेव्हा थोड्या मात्रेत बरे वाटले. मात्रा वाढवताच मात्र आकाशात पट्टे आणि डाग उमटले, बालेकिल्ल्याच्या कडेने पांढरी रेघ आली आणि जवळची झाडे काळी पडली. मग डीहेझ काढून नुसता कॉन्ट्रास्ट 1.6 केला, तरी डोंगर दुधाळच राहिला. वेव्हफॉर्मच्या 0 ते 1023 या मोजपट्टीवर राजगड 500 ते 600 मध्ये, आकाश 720 च्या आसपास आणि झाडे 120 च्या आसपास आहेत. काय चुकत असावे?

रानपाखरू:
थंडीत गडावर पहाटे पोहोचल्यावर लेन्सच्या काचेवर दव धरते, त्यामुळे सगळे चित्र असेच पांढरट येते. कॅमेरा पिशवीतून काढल्यावर काही वेळ बाहेरच्या हवेत तसाच ठेवावा आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

गडवाट:
धन्यवाद, पण जवळची झाडे अगदी स्वच्छ आणि गडद आली आहेत. काचेवर दव असते तर तीही पांढरट झाली असती.

संकलक_सातारा:
डीहेझ म्हणजे शेवटी कॉन्ट्रास्टच असतो, त्यामुळे त्याची वेगळी गरज नाही. कॉन्ट्रास्ट 1.6 वरून 2 पर्यंत न्या आणि मिडटोन डिटेल वाढवा, म्हणजे डोंगरावरच्या घळी उठून दिसतील. माझ्या घाटातल्या चित्रीकरणात याने काम झाले आहे.

छायाप्रकाश:
मिडटोन डिटेलचा उपयोग होईल, पण तो अगदी शेवटी आणि थोडाच करावा. डीहेझ आणि कॉन्ट्रास्ट एकच आहेत, हे मात्र मला पटत नाही. कॉन्ट्रास्ट साऱ्या चौकटीला सारखाच लागतो. डीहेझ मात्र प्रत्येक लहान तुकड्यात धुरके किती आहे याचा अंदाज बांधून तेवढेच काढू पाहते.

गडवाट, आधी तुमच्या कॉन्ट्रास्टचा हिशेब पाहू, कारण खरी अडचण तिथे आहे. रिझॉल्व्हमध्ये पिव्हट मुळात 0.435 वर असतो, म्हणजे वेव्हफॉर्मवर सुमारे 445. कॉन्ट्रास्ट वाढवला की या पातळीच्या वरचे सारे आणखी उजळते आणि खालचे सारे आणखी गडद होते. तुमचा राजगड पूर्णपणे या पातळीच्या वर आहे. सरळ गुणाकाराने 1.6 ला 500 चे 533 होतात आणि 600 चे 693. डोंगरातला फरक 100 वरून 160 झाला हे खरे, पण सगळा डोंगर उजळून आकाशाच्या आधीच्या 720 च्या पातळीजवळ जाऊन बसला. म्हणूनच तो दुधाळ दिसतो. आता पिव्हट 0.587 करा, म्हणजे 600 वर आणा. मग 600 तिथेच राहतील आणि 500 चे 440 होतील. फरक तेवढाच, पण डोंगर आता खाली उतरला.

हे साऱ्या चौकटीवर केले तर 120 वरची झाडे शून्याच्याही खाली जातील, म्हणून हा नोड फक्त राजगडापुरता हवा. पॉवर विंडोने डोंगर घेरा आणि क्वालिफायरमध्ये ल्युमिनन्सची वरची मर्यादा 63.5 च्या आसपास, म्हणजे वेव्हफॉर्मवर 650, ठेवून आकाश वगळा. डोंगर आणि आकाश यांच्यात 120 चे अंतर असल्याने निवड स्वच्छ होईल. कड किंचितच मऊ ठेवा; फार मऊ केली तर तुम्हाला नको असलेली पांढरी रेघ पुन्हा तयार होईल. मधल्या रांगेसाठी दुसरा, सौम्य नोड करावा, कारण तिच्यावरचे धुरके पातळ आहे.

यानंतर रंग. धुरके डोंगराकडून येणारा प्रकाश अडवते आणि त्यात स्वतःचा निळसर प्रकाश मिसळते. पॅरेड उघडून पाहा, राजगडाच्या पट्ट्यात निळ्याचा तळ लालपेक्षा वर दिसेल. त्या नोडमध्ये लिफ्टने निळा थोडा अधिक आणि हिरवा थोडा कमी उतरवा. तिन्ही तळ अगदी समान मात्र करू नका, नाहीतर डोंगर तपकिरी आणि खोटा दिसतो.

संकलक_सातारा:
पिव्हटचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. माझ्या घाटातल्या दृश्यात डोंगर मुळातच गडद होते, म्हणून तिथे काम झाले असावे. पण आकाशात पट्टे का येतात?

छायाप्रकाश:
धुरके काढण्याची 2009 मध्ये मांडली गेलेली एक प्रसिद्ध पद्धत असे गृहीत धरते की, निरभ्र हवेत चित्राच्या प्रत्येक लहान तुकड्यात लाल, हिरवा, निळा यांपैकी किमान एका रंगात काहीतरी गडद असतेच. तसे नसेल तर तिथे धुरके आहे. आकाशात गडद काहीच नसते, त्यामुळे या तर्काने तिथे सर्वांत दाट धुरके ठरते आणि सर्वाधिक ताण तिथेच पडतो. बालेकिल्ल्याच्या कडेवर एकाच तुकड्यात डोंगर आणि आकाश दोन्ही येतात, अंदाज चुकतो आणि रेघ उमटते.

शिवाय 8 बिटमध्ये तुमच्या राजगडाच्या वाट्याला जेमतेम 25 पायऱ्या आल्या आहेत. त्या ताणल्या की नॉइजही तितकाच ताणला जातो. कॅमेरा स्थिर असल्याने सर्वांत आधी टेम्पोरल नॉइज रिडक्शनचा नोड ठेवा, नंतर बाकीचे. उलट क्रमाने केले तर आधी वाढवलेला नॉइज पुसताना घळीही पुसल्या जातील.

कोकणकडा_वेडा:
मी हरिश्चंद्रगडावर घेतलेल्या टाइमलॅप्सवर डीहेझ लावले, तर प्रत्येक चौकटीत दरीचा रंग कमी-जास्त होऊन लुकलुकतो. पावसाळ्यातले ढग येत-जात होते. यावर उपाय आहे का?

छायाप्रकाश:
चौकटीगणिक धुरक्याचा अंदाज बदलत असावा. तिथे ठरावीक आकड्यांचा, हाताने लावलेला लिफ्ट आणि कॉन्ट्रास्ट अधिक स्थिर राहील. मात्र ढगाने दरी पूर्ण झाकली असेल, तर त्या चौकटींत दरीचा प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत आलेलाच नाही आणि कोणत्याही नियंत्रणाने तो आणता येणार नाही. ढग विरळ होत असतानाच्या चौकटी कशा जुळवाव्यात, याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडेही नाही.

गडवाट:
सांगितलेल्या क्रमाने करून पाहिले. आधी नॉइज रिडक्शन, मग पिव्हट 0.587 आणि कॉन्ट्रास्ट 1.6, मग लिफ्टमध्ये निळा थोडा खाली. बालेकिल्ला आता सुवेळा माचीपासून स्पष्ट वेगळा दिसतो आणि आकाशाला हात न लावल्यामुळे पट्टेही गेले. राजगडाचा तळ 440 वर आहे आणि मधल्या रांगेचा 310 वर. मोह आवरत नाही म्हणून विचारतो, राजगड आणखी खाली, 300 पर्यंत उतरवावा का?

छायाप्रकाश:
नाही. मग राजगड मधल्या रांगेपेक्षा गडद होईल आणि तिच्या पुढे आल्यासारखा वाटेल. वेव्हफॉर्मवर जवळच्या रांगेपासून दूरच्या रांगेकडे जाताना तळ चढत गेला पाहिजे. फार तर 400 पर्यंत न्या.

संकलक_सातारा:
माहितीपट असेल तर मी 440 वरच थांबेन. जानेवारीतल्या सकाळी राजगड तिथून तसाच दिसतो, आणि पाहणाऱ्यालाही ते ठाऊक असते.

गडवाट:
दोन्ही आवृत्त्या काढून मोठ्या पडद्यावर पाहतो. एक शंका उरली आहे: उजवीकडच्या कड्यावर क्वालिफायरची निवड थरथरते, कारण तिथे डोंगर जवळजवळ आकाशाइतकाच फिका आहे. तेवढ्या भागात क्वालिफायर सोडून नुसती हाताने काढलेली विंडो वापरावी का?

छायाप्रकाश:
होय. कॅमेरा स्थिर असल्याने तिला ट्रॅकिंगचीही गरज नाही. कड्याची रेषा मोठी करून बिंदू जवळजवळ द्या.