'कंठ फुटणे' की 'आवाज फुटणे'? आणि स्वरतंतू की आणखी काही?

अनुवादिका: आठवीच्या मुलांसाठी आरोग्यपुस्तिका मराठीत करते आहे. 'या वयात आवाज फुटतो' असं मी लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'कंठ फुटतो' केलं. दुसरी अडचण म्हणजे, मजकुरात 'स्वरतंतू' वाचून चित्रकारांनी गळ्यात सतारीसारख्या दोन ताणलेल्या तारा काढल्या आहेत. चित्र चूक की शब्द चूक?

बोरूबहाद्दर: संपादक बरोबर आहेत. आमच्याकडे 'घाटी फुटली' असंही म्हणतात. वयात येताना गळ्यातलं हाड फुटून पुढे येतं, म्हणून घाटी फुटणे.

स्वरचिकित्सक: घाटी पुढे येते हे खरं, पण ते हाड नाही, कूर्चा आहे, आणि ती फुटत नाही. तिच्या दोन पाती समोर जुळतात. पुरुषी संप्रेरकाच्या प्रभावाने त्या वाढतात आणि त्यांच्यातला कोन अरुंद होतो, प्रौढ पुरुषात साधारण 90 अंश, बाईत 120 च्या आसपास. त्या टोकालाच आतून स्वरतंतू जोडलेले असल्याने तेही लांबतात. या वयात मुलांचे 4 ते 11 मिलिमीटर वाढतात, मुलींचे दीड ते 4.

चित्र मात्र चूक आहे. या तारा नाहीत, श्वासनळीच्या तोंडाशी असलेल्या ओलसर मांसल घड्या आहेत. बोलताना त्या मिटतात, खालून हवेचा दाब वाढला की उघडतात, आणि लवचिकपणामुळे व मधून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे पुन्हा मिटतात. लहान मुलात हे सेकंदाला अडीचशेच्या आसपास वेळा होतं, मोठ्या पुरुषात सव्वाशेच्या. घडी लांब आणि जाड झाली की हलायला वेळ लागतो, म्हणून आवाज खाली येतो.

शुद्धलेखक: मग 'तंतू' हा शब्दच काढून टाका. 'स्वरपट' किंवा 'ध्वनिवली' म्हणा.

पानउलटे: 'ध्वनिवली' वाचून आठवीचा मुलगा पान उलटेल. शाळेत 'स्वरतंतू' शिकतात, तोच ठेवा. तंतूची कल्पनाही आपली नव्हे. 1741 मध्ये फेरां नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने या घड्यांची तुलना वाद्याच्या तारांशी केली, हवा म्हणजे गज. तेच नाव जगभर चिकटलं.

शुद्धलेखक: चुकीचं नाव जुनं झालं म्हणून बरोबर होत नाही. चित्रकाराची चूक त्यातूनच झाली ना?

अनुवादिका: 'फुटणे' तसंच राहिलं.

पानउलटे: 'फुटणे'त दोन अर्थ आहेत. काच फुटते ती मोडते, पालवी फुटते ती उगवते. मिसरूड फुटणे, वाचा फुटणे, कंठ फुटणे हे सगळे उगवण्याचे. 'आवाज फुटला' म्हटलं की गाणाऱ्याला तो वरच्या स्वरावर चिरकलाच वाटेल.

स्वरचिकित्सक: या वयात चिरकणंही होतंच. घड्या काही महिन्यांत वाढतात, त्यांना ताणणाऱ्या स्नायूंचा जुना अंदाज चुकतो. जाड घडी पूर्ण हलता हलता एकदम फक्त तिची कड हलायला लागते आणि आवाज वर उडी मारतो. म्हणून वाक्य असं करा: 'कंठ फुटताना आवाज मधूनच चिरकतो.'

मामा_सांगलीकर: शब्दांचं तुम्ही बघा. माझा भाचा सतरा वर्षांचा आहे. मिशी आली, घाटी दिसते, पण बोलतो बारीक. फोनवर लोक 'ताई' म्हणतात. याला कंठ फुटला म्हणायचं की नाही?

स्वरचिकित्सक: त्याला नकळत खोकू द्या, हसू द्या, आणि ऐका. खोकला जाड येत असेल तर घड्या बहुधा वाढलेल्या आहेत, फक्त स्वरयंत्र वर उचलून त्या ताणून बोलायची लहानपणची सवय राहिली आहे. वाचा-उपचार तज्ज्ञ घाटीवर बोटाने हलका दाब देऊन 'आ' म्हणायला लावतात. ताण सैल होतो आणि खालचा आवाज एकदम निघतो. मग तोच आवाज आधी खोकल्यातून, मग स्वरातून, शब्दातून, वाक्यातून पक्का करतात. घरी कुणी घाटी दाबू नये. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आत बघायला हवं. खोकलाही बारीकच असेल आणि वाढीच्या इतर खुणाही उशिरा असतील, तर संप्रेरकांची तपासणी लागते.

मामा_सांगलीकर: खोकला जाडच आहे. त्याची आई म्हणते सर्दी असेल.

बोरूबहाद्दर: म्हणजे घाटी फुटली, पण कंठ फुटला नाही! हे दोन शब्द वेगळे हवेतच.

शुद्धलेखक: तसा भेद जुन्या वापरात नाही. तुम्ही आत्ता पाडलात.

अनुवादिका: आणि मुलींचं काय? त्यांचा आवाजही दोन-चार सूर उतरतो, मग त्यांना 'कंठ फुटला' का म्हणत नाहीत? पुस्तिका मुलींच्याही हातात जाणार आहे.

पानउलटे: कोकिळेला म्हणतात. मुलीला म्हटलेलं ऐकलं नाही.