टॅलेंट असेल तर पहिल्याच राउंडला पास होतं, असं कसं?

घाटकोपरचा_मन्या
परवा परत एका डिझायनरचं रडगाणं वाचलं, क्लायंटला काही आवडतच नाही, रोज टेस्ट बदलतो वगैरे. माझं मत स्पष्ट आहे. हातात टॅलेंट असेल तर काम पहिल्या-दुसऱ्या राउंडला पास होतं. बदलांवर बदल येत असतील तर क्लायंटला नावं ठेवू नका, आपल्याला जमत नाहीये हे मान्य करा.

परळ_स्टुडिओ
वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. मन्या, तू कधी घरच्या धंद्याचं पॅकेजिंग केलंयस का? एक काम सांगतो. मसाल्याचं पाऊच, नवी मुंबईतली पार्टी, वडील आणि मुलगा दोघंही मीटिंगला. ब्रीफ एका ओळीचं, पारंपरिक वाटलं पाहिजे पण मॉलमध्येही शोभलं पाहिजे. मरून ग्राउंडवर हाताने काढलेलं नाव दिलं, मुलगा म्हणाला जुनाट दिसतंय. पांढरं मॅट, बारीक अक्षर, भरपूर मोकळी जागा असं केलं तर वडील म्हणाले औषधाचं पाकीट वाटतंय. मग हिरवा, मग परत मरून पण "थोडा वेगळा मरून". माझ्याकडची ज्युनिअर, जेजेतून आलेली, हात एकदम चांगला, ती म्हणायला लागली सर मला बहुतेक रंगच कळत नाहीत.

तेव्हा आम्ही पहिल्या मीटिंगपासूनच्या सगळ्या कॉमेंट जशाच्या तशा एका शीटवर उतरवल्या आणि प्रत्येकीसमोर कोण बोललं ते लिहिलं. मग दिसलं की मुलाच्या सगळ्या कॉमेंट एका दिशेला आणि वडिलांच्या बरोबर उलट. वाद रंगाचा नव्हताच. मुलाच्या डोळ्यासमोर पवईच्या सुपरमार्केटमधलं गिऱ्हाईक, वडिलांच्या डोळ्यासमोर उल्हासनगर-कल्याणचा किराणावाला. हे दोघं एकमेकांशी कधी बोललेच नव्हते आणि धंद्याचा तो निर्णय आमच्या आर्टवर्कवर ढकलत होते. पुढच्या मीटिंगला लेआउट दाखवलाच नाही, फक्त विचारलं की पहिल्या वर्षी माल कुठे जाणार. बापलेक आमच्यासमोर भांडले, शेवटी किराणा ठरला, आणि पहिलाच मरून पास झाला. आता सांग, त्या मुलीचं टॅलेंट मधल्या काळात कुठे गेलं होतं?

कॉमेंट एकमेकींना छेद देत असतील तर ब्रीफच धड नाही. एकमेकांना न ओळखणारी माणसं एकच तक्रार करत असतील तर आपलं काम काढून बघायचं. मी शंका घ्यायची तर एवढ्यापुरतीच घेतो.

वाशी_ब्रँडवाली
मी टेबलाच्या पलीकडे बसते, त्यामुळे हे ऐकून ऐकून कंटाळलेय. दरवेळी क्लायंटच गोंधळलेला कसा? आम्हाला तुमची भाषा येत नाही म्हणून आम्ही "मजा नाही आली" म्हणतो, पण त्याच्यामागे बऱ्याचदा खरं काहीतरी असतं. आमच्याकडे एका पाऊचवर नाव खालच्या तिसऱ्या भागात टाकलं होतं. स्क्रीनवर सुंदर. माल भरल्यावर पाऊच फुगतं, खालचा भाग दबतो, नावावर घड्या पडतात, आणि दुकानात लटकवलं की पुढच्या पाकिटाखाली झाकलं जातं. आमचे साहेब "नाव मोठं करा" एवढंच म्हणत राहिले आणि डिझायनर "टेस्ट नाही" म्हणून तोंड वाकडं करत राहिला. साहेबांचं औषध चूक होतं, दुखणं बरोबर होतं.

परळ_स्टुडिओ
हे मान्य, नाइलाजाने का होईना. म्हणूनच आम्ही आता पीडीएफवर मत घेत नाही. खऱ्या मापाचा प्रिंट काढून भरलेल्या पाकिटावर चिकटवतो आणि दुकानाच्या फळीवर बाकीच्या ब्रँडच्या मध्ये ठेवून चार-पाच फुटांवरून दाखवतो. व्हॉट्सअॅपवर रात्री बारा वाजता फोनचा नाइट मोड चालू ठेवून पिवळा बघायचा आणि सकाळी "पिवळा मळकट आहे" म्हणायचं, ही कुठली टेस्ट? पण तुमचे साहेब काय होतंय ते सांगायचं सोडून काय करा ते सांगत होते, तेही बघा.

डोंबिवली_फ्रीलान्स
एवढं मनाला लावून कशाला घेता? अर्धे पैसे आधी, तीन राउंड, चौथ्यापासून वेगळं बिल. प्रश्न मिटला.

कॉपीवाली_दादर
पैशाचा मिटला. माझ्या लायनी बिल भरूनही रिजेक्ट होतात हो. एका हाउसिंग प्रोजेक्टच्या होर्डिंगसाठी लाइन दिली, मॅडमला आवडली, मग त्यांच्या मिस्टरांना दाखवली, मग सोसायटीतल्या कुणा काकांना. प्रत्येकाने एकेक शब्द घातला. हायवेवर गाडीतून जाताना होर्डिंग वाचायला काही सेकंद मिळतात, सहा-सात शब्दांच्या पुढे कुणी वाचत नाही, आणि शेवटी लागलं ते अख्खं वाक्य, दोन स्वल्पविरामांसकट. मी नाकारलेल्या लायनी एका फाइलमध्ये तारीख टाकून ठेवते आणि काही महिन्यांनी थंड डोक्याने वाचते. काही खरंच फुसक्या असतात. पण ज्या तेव्हाही उभ्या राहतात त्यांच्यामुळे मी टिकलेय.

लिपीवेडा_गिरगाव
मुद्दा बाजूला राहू दे, आधी मला सांगा, ते पांढरं मॅट पाऊच, "बारीक अक्षर, मोकळी जागा", त्यात देवनागरी नावाचं स्पेसिंग वाढवलं होतं ना? हल्ली सगळे हेच करतात. इंग्रजी लोगोचं स्पेसिंग मराठीला लावतात आणि शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे पडतात. औषधाचं पाकीट वाटणारच!

घाटकोपरचा_मन्या
आणि नाही वाढवलं तर मंगल फॉण्टसारखं सरकारी दिसतं. त्याच्यापेक्षा तुटलेली रेघ बरी.

लिपीवेडा_गिरगाव
तोंड सांभाळून. मंगल र. कृ. जोशींचा आहे. उल्कात जाहिराती केलेला माणूस, पवईला आयआयटीच्या आयडीसीत डिझाइन शिकवायचे. तो फॉण्ट विंडोज २००० पासून आला, त्या काळच्या स्क्रीनवर बारीक साइझला जोडाक्षरं वाचता यावीत म्हणून. तुम्ही तो लग्नपत्रिकेवर लावता आणि कुरूप म्हणता! काम कशासाठी केलंय ते न विचारता दिलेलं मत म्हणजे हेच. आज 'एक टाइप' या फॉण्ट करणाऱ्या मंडळींचे मुक्त, बलू हे फॉण्ट फुकट मिळतात तरी लोक वाट्टेल ते ताणून बसवतात.

घाटकोपरचा_मन्या
मला फॉण्टचा इतिहास नकोय. कमल शेडग्यांनी नाटकांची नावं काढली ती लोकांना लांबून ओळखू यायची, तिथे कुणी स्पष्टीकरण देत बसलं नाही. याला टॅलेंट म्हणतात.

लिपीवेडा_गिरगाव
नाटकाचं नाव काढताना काय करायचंय हे त्यांना माहीत असायचं, नाटक समोर असायचं. परळच्या त्या मसालेवाल्याला स्वतःचं गिऱ्हाईक माहीत नव्हतं. उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंस.

घाटकोपरचा_मन्या
बरं बाबा, बापलेकांची केस वेगळी, ती सोडतो. बाकी माझं मत तेच.

नवखी_ठाणे
मी फॉण्टमध्ये पडत नाही. पण क्लायंट एकटाच असेल आणि सोमवारी आवडलेलं गुरुवारी नको म्हणत असेल तर शीटवर काय दिसणार? माझं सध्या हेच चालू आहे आणि झोप लागत नाहीये.

परळ_स्टुडिओ
सोमवारचं आणि आत्ताचं, दोन्हीचे प्रिंट शेजारी ठेव आणि विचार, मधे काय झालं? अनेकदा कळतं की दुसऱ्या कुणाचं नवीन पॅकिंग दिसलंय, डीलर काहीतरी बोललाय किंवा छपाईचा भाव ऐकून घाबरलाय. ते कळलं की त्याच्यावर काम करता येतं. काहीच झालेलं नसेल तर तुझ्या कामात शोधायलाही काही नाही, ठरलेल्या राउंडपर्यंत कर आणि फाइल दे.

वाशी_ब्रँडवाली
"मधे काय झालं" असं बॉसला तोंडावर विचारलं तर पुढचं काम मिळणार नाही. आमच्यासारख्या मधल्या माणसाला आधी फोन करायचा, आम्हाला माहीत असतं.

परळ_स्टुडिओ
मधला माणूस असेल तर. तिच्याकडे तो नाहीये.